विसर्जन झाल्यावर टाकलेली नोटीस आणि परत आलेला मेल

प्रश्न : ताई, आमची मार्केट यार्डाजवळ कोल्ड स्टोरेजची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी आहे, बेदाणा ठेवतो. चौदा भागधारक, सगळे घरचेच. कागदपत्रं मी बघतो. गेल्या वर्षी वार्षिक सभा, म्हणजे एजीएम, 30 सप्टेंबरला घेतली. नोटीस विसर्जन झाल्यावर सोमवारी 8 सप्टेंबर 2025 ला पाठवली, नऊ जणांना मेल, पाच जणांना स्पीड पोस्ट. धाकट्या काकांच्या मुलाचा मेल परत आला, ते मला गुरुवारी दिसलं. नंतर कळलं की आमच्याच एक्सेलमध्ये त्याच्या पत्त्यातलं एक अक्षर राहिलंय. मी लगेच पीडीएफ घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकली, त्याने बघितली पण. आत्यांचं पाकीट मिरजेच्या पत्त्यावरून 'लेफ्ट' शेरा मारून परत आलं, त्या आता लेकीकडे पुण्यात असतात. मीटिंगमध्ये थोरल्या काकांच्या मुलाला डायरेक्टर केलं. आता मेल परत आलेला हा भाऊ वकिलाचं पत्र घेऊन आलाय, म्हणतो नोटीसच नाही, मीटिंग बेकायदा. खरंच एवढं होतं का? काय करू?

उत्तर :

दादा, आधी एक कागद काढा, बाकीचं सगळं त्याच्यावर अवलंबून आहे. तुमच्या कंपनीचे आर्टिकल्स, म्हणजे कंपनीची स्वतःची नियमावली. त्यात 'सर्वसाधारण सभेची नोटीस' असा काही कलम आहे का ते बघा आणि त्यात किती दिवस लिहिलेत ते बघा. कारण कंपनी कायदा 2013 चं कलम 101 म्हणतं की पूर्ण 21 दिवसांची नोटीस हवी, पण 5 जून 2015 च्या सरकारी नोटिफिकेशनने प्रायव्हेट कंपनीला सवलत दिलीय की आर्टिकल्समध्ये वेगळं लिहिलं असेल तर ते चालेल. कुणाच्या आर्टिकल्समध्ये चौदा दिवस असतात, कुणाच्यात सात असतात. तसं तुमच्यात असेल तर दिवसांचा निम्मा वाद इथंच संपला. फक्त एक अट 2017 साली त्याला जोडलीय, कंपनीने ताळेबंद आणि ॲन्युअल रिटर्न रजिस्ट्रारकडे भरण्यात चूक केलेली नसावी, तरच ही सवलत. म्हणजे ज्यांचे फॉर्म राहिलेत त्यांनी आर्टिकल्समधल्या सात दिवसांवर भिस्त ठेवू नये. आपल्याकडे घरच्या कंपन्यांत हे फॉर्म राहून जातात हे मी रोज बघते, म्हणून आधी तेही तपासा.

आता धरून चालू की आर्टिकल्समध्ये काही नाही, म्हणजे 21 दिवस लागू.

हे 21 दिवस 'क्लिअर' असतात. ज्या दिवशी नोटीस मिळाली असं कायदा धरतो तो दिवस सोडायचा आणि मीटिंगचा दिवसही सोडायचा, मधले पूर्ण 21 हवेत. आणि नोटीस कधी मिळाली असं धरायचं, ते मेलचं वेगळं आणि पोस्टाचं वेगळं, इथंच बहुतेकांची गल्लत होते. पोस्टाने पाठवलेली मीटिंगची नोटीस पाकीट टाकल्यापासून 48 तास संपले की पोचली असं धरतात, पोस्टमन खरंच कधी आला ते बघत नाहीत, हे कंपनी स्थापनेच्या 2014 च्या नियमांत नियम 35 मध्ये लिहिलंय. मेलचं तसं नाही, मेल तुमच्याकडून निघाला की कंपनीचं काम झालं असं धरतात, तो नियम मॅनेजमेंट ॲण्ड ॲडमिनिस्ट्रेशनच्या 2014 च्या नियमांत 18 नंबरला आहे.

तुमच्या तारखा यात घालून बघू. मेल 8 सप्टेंबरला गेले. आठ तारीख सोडली, तीस सोडली, मधे नऊपासून एकोणतीसपर्यंत बरोब्बर 21 दिवस. म्हणजे मेलवाले सगळे काठावर का होईना पण आत बसतात, एक दिवस उशीर झाला असता तर तेही गेले असते. पण पोस्टवाले बघा. पाकिटं 8 ला टाकली, 48 तास संपले 10 तारखेला, म्हणजे 10 सोडायची, 30 सोडायची, मधे अकरापासून एकोणतीस, हे होतात 19. दोन दिवस कमी. तुमच्या पाचही पोस्टवाल्यांची नोटीस कमी दिवसांची झाली, नुसत्या आत्यांची नाही. पोस्टाने जायला हवं होतं 6 सप्टेंबरला, आणि त्या दिवशी अनंत चतुर्दशी, सांगलीत विसर्जनाची मिरवणूक, मग तुम्ही म्हणाला असाल सोमवारी टाकू. माणूस म्हणून मला ते समजतं. पण भावाच्या वकिलाने अजून हा मुद्दा काढला नसेल तर काढेल, तुम्ही त्याच्या आधी बघितलेलं बरं.

लक्षात ठेवायला सोपं करून सांगते. मीटिंगच्या तारखेतून 22 वजा केले की मेल पाठवायची शेवटची तारीख येते, आणि 24 वजा केले की पोस्टात टाकायची. मी स्वतः पोस्टासाठी 27-28 वजा करते कारण मधे रविवार येतो, काउंटरवर गर्दी असते, एखाद्या पाकिटावर पिनकोड राहिलेला असतो.

आता भावाचा मेल. मेलच्या नियमात एक ओळ आहे जी सगळे दाखवतात, की कंपनीच्या हाताबाहेरच्या कारणाने मेल पोचला नाही तर कंपनी जबाबदार नाही. ती ओळ खरी आहे, पण तुमच्या उपयोगाची नाही. कारण 'हाताबाहेरच्या' हा शब्द महत्त्वाचा आहे. त्याने तुम्हाला बरोबर पत्ता दिला होता आणि तुमच्या एक्सेलमध्ये अक्षर राहिलं, तर चूक तुमच्या टेबलावर झालीय. मेल त्याच्या पत्त्यावर गेलाच नाही, भलत्याच पत्त्यावर गेला. तो पत्ता अस्तित्वात नव्हता म्हणून परत तरी आला, समजा तो दुसऱ्या कुणाचा असता तर तुम्हाला कळलंही नसतं.

परत आलेला मेल वाचायला शिका, त्यात कारण लिहिलेलं असतं. Mail Delivery Subsystem नावाने जो मेल येतो त्यात खाली `550 5.1.1` असा आकडा असेल तर त्याचा अर्थ असा पत्ताच नाही. तेव्हा पहिलं काम हे की माणसाने भरून दिलेला कागद काढायचा आणि आपण टाइप केलेला पत्ता अक्षर अक्षर जुळवायचा. आपल्याकडून चूक असेल तर लगेच बरोबर पत्त्यावर परत पाठवायचा. पत्ता तंतोतंत जुळतोय आणि तरी हा आकडा येतोय, तर त्याने खातं बंद केलंय आणि कंपनीला कळवलं नाही, मग नियम तुमच्या बाजूने आहे, कारण सभासदाने मेल पत्ता दिला नाही किंवा बदल कळवला नाही तर कंपनीची कसूर धरत नाहीत. `5.2.2` असेल तर त्याची मेलबॉक्स भरलीय, ते त्याच्या बाजूचं कारण. पण माझं मत विचाराल तर तिन्ही वेळा मी त्याच दिवशी स्पीड पोस्टही टाकते. पन्नास-शंभर रुपयांत वर्षभराचं भांडण वाचतं, आणि घरच्या कंपनीत भांडण नुसतं कंपनीत राहत नाही, लग्नकार्यापर्यंत जातं.

तुम्ही गुरुवारी 11 तारखेला ते बघितलं. इथं मला तुम्हाला स्पष्ट सांगायला लागेल. कलम 101 मध्येच लिहिलंय की चुकून एखाद्याला नोटीस द्यायची राहिली किंवा एखाद्याला ती मिळाली नाही तर मीटिंग रद्द होत नाही. तुमचा वकील हेच सांगेल. पण 'चुकून' हे गुरुवारपर्यंतच होतं. सोमवार ते गुरुवार अक्षर राहिलं ही चूक. गुरुवारी कळल्यावर बरोबर मेल पत्ता एक्सेल सोडून फाइलमध्ये होता, घरचा पत्ता रजिस्टरमध्ये होता, आणि तरी मेल किंवा पाकीट गेलं नाही, याला पुढे कुणी चूक म्हणणार नाही, विशेषतः त्याच मीटिंगमध्ये दुसऱ्या घरचा डायरेक्टर नेमला गेला असताना. तुमच्या मनात तसं काही नव्हतं हे मी मानते, नाहीतर तुम्ही ग्रुपवर टाकलंच नसतं. पण कागद मन दाखवत नाही. गुरुवारी पाठवूनही 21 दिवस भरले नसते हे खरं, तरीही पाठवलं असतं तर तुमची बाजू आज फार वेगळी दिसली असती.

व्हॉट्सॲपचं काय ते बघू, कारण हल्ली सगळे तिथंच थांबतात. मीटिंगची नोटीस इलेक्ट्रॉनिक पद्धतीने द्यायची तर नियम 18 मेलबद्दल बोलतो, कंपनीच्या रेकॉर्डमधल्या मेल पत्त्यावर. मेलमध्ये मजकूर, किंवा जोडलेली पीडीएफ, किंवा लिंक, तिन्ही चालतं. घरचा ग्रुप त्यात बसत नाही, ज्या ग्रुपवर सकाळी आरतीचे फोटो येतात आणि दुपारी बेदाण्याचा दर, तिथं टाकलेली फाइल म्हणजे कायद्याने बजावलेली नोटीस असं मला कुठल्या कोर्टासमोर सांगायला आवडणार नाही. तिचा उपयोग एवढाच की त्याला मीटिंग माहीत होती, हे दाखवता येतं. निळ्या खुणांचा स्क्रीनशॉट आणि 'मेसेज इन्फो' मध्ये त्याच्या नावासमोरची वेळ आत्ता काढून ठेवा, फोन बदलला की ते जातं. त्याने नंतर 'मला कळलंच नाही' असं शपथेवर लिहिलं तर ते खोटं आहे हे यातून दिसेल. पण माहीत असणं वेगळं आणि नोटीस बजावणं वेगळं, पहिल्याने दुसऱ्याची भरपाई होत नाही.

आत्यांचं पाकीट ही गोष्ट मात्र तुम्हाला वाटते तेवढी वाईट नाही. इथं बघायचं एकच, पाकिटावर कुठला पत्ता होता. सभासदांच्या रजिस्टरमध्ये, एमजीटी-1 मध्ये, आत्यांच्या नावासमोर जो पत्ता लिहिलाय तो त्यांचा कंपनीपुरता पत्ता. आधारवर काय आहे, गॅसच्या पुस्तकावर काय आहे, सगळ्या घराला काय माहीत आहे, याचा संबंध नाही. मिरजेचाच पत्ता रजिस्टरमध्ये असेल, पिनकोडसकट बरोबर लिहिला असेल आणि तिकीट पूर्ण लावलं असेल, तर पाकीट परत आलं तरी 48 तासांनी ते बजावलं असंच धरतात. जनरल क्लॉजेस ॲक्ट 1897 चं कलम 27 पण तेच सांगतं, की पत्ता नीट, टपाल खर्च भरलेला आणि रजिस्टर्ड पोस्टाने टाकलेलं, म्हणजे नेहमीच्या वेळेत पोचलं असं धरायचं, समोरचा उलट सिद्ध करेपर्यंत. पत्ता बदलला हे कंपनीला लेखी कळवणं हे सभासदाचं काम आहे, आत्यांनी कळवलं नाही. म्हणजे आत्यांच्या बाबतीत तुमची अडचण एवढीच की बाकीच्या चार पोस्टवाल्यांसारखे त्यांचेही दिवस दोनने कमी पडले.

पण 'समोरचा उलट सिद्ध करेपर्यंत' हे शब्द सोडू नका. हे धरून चालणं म्हणजे अंदाज आहे, दगडावरची रेघ नाही. ज्याला पक्कं माहीत होतं की त्या पत्त्यावर कुणी राहत नाही आणि तरी मुद्दाम तिथंच टाकलं, त्याच्या बाजूने हा अंदाज फार काळ उभा राहत नाही. म्हणून पद्धत अशी ठेवा की रजिस्टरच्या पत्त्यावर तर जायलाच हवं, ते सोडायचं नाही, आणि माहीत असलेल्या दुसऱ्या पत्त्यावर एक जादा प्रत टाकायची. काही जण उलट करतात, पुण्याचा पत्ता माहीत आहे म्हणून मिरजेला पाठवतच नाहीत, मग पुण्याचं पाकीट परत आलं की हातात काहीच राहत नाही.

परत आलेल्या पाकिटावरचा शेरा पण वाचत चला, कारण प्रत्येकाचा अर्थ वेगळा. 'घेण्यास नकार' लिहिलं असेल तर त्याहून चांगला पुरावा नाही, न घेणाऱ्याला 'मिळालं नाही' म्हणता येत नाही. 'दार बंद, सूचना दिली' असेल तर तेही बहुधा तुमच्याच बाजूचं. 'लेफ्ट' म्हणजे राहणारा गेलाय, तिथं रजिस्टरचा पत्ता होता का हा प्रश्न येतो. पण 'पत्ता अपुरा' असा शेरा आला तर ती तुमची चूक, तिथं 48 तासांचा आधार मिळत नाही. पाकीट न उघडता तसंच ठेवा, सगळ्यात मोठी चूक लोक तिथं करतात, फाडून आतले कागद काढून घेतात.

2019 च्या ऑगस्टमधली एक गोष्ट सांगते, कारण 48 तासांचा हा नियम कुठपर्यंत ताणायचा ते मी तेव्हा शिकले. एका कंपनीच्या नोटिसा मी स्वतः 3 ऑगस्टला पोस्टात टाकल्या, पाकिटं निम्मी सांगलीवाडी आणि गावभागातली. दोन दिवसांत कृष्णेचं पाणी चढलं आणि ज्यांना नोटिसा गेल्या ती माणसंच घरात नव्हती, कुणी शाळेत, कुणी मंगल कार्यालयात, कुणी नातेवाइकांकडे. कागदावर माझी नोटीस 5 तारखेला बजावली गेली होती. डायरेक्टर म्हणाले पावत्या आहेत ना, मीटिंग घेऊ. मी म्हटलं पावत्या आहेत, पण शहर पाण्यात आहे हे आपल्या सगळ्यांना दिसतंय, उद्या कुणी विचारलं तर आपण काय सांगणार. तारीख पुढे ढकलून नवी नोटीस काढली, सप्टेंबरअखेरची मुदत अजून लांब होती म्हणून ते जमलं. तुमच्याकडे ती मोकळीक नव्हती, मीटिंगच 30 ला होती. पण मीटिंग सप्टेंबरच्या मधल्या आठवड्यात ठेवली असती तर गुरुवारी चूक दिसल्यावर तारीख हलवता आली असती. एजीएम शेवटच्या दिवशी ठेवली की नोटिशीतली प्रत्येक चूक दुरुस्त न होणारी होते.

एक उपाय लोक सुचवतात, तुम्हालाही कुणी सांगेल, की 'शॉर्टर नोटीस'ची संमती घेऊन टाका. एजीएमसाठी मतदानाचा हक्क असलेल्या 95 टक्के सभासदांनी लेखी किंवा मेलवर संमती दिली तर कमी दिवसांची नोटीस चालते हे खरं. पण हिशोब करून बघा. चौदाचे 95 टक्के म्हणजे 13.3, तेरा सह्या झाल्या तरी पुरत नाहीत, चौदाच्या चौदा लागतात. म्हणजे छोट्या कंपनीत एक माणूस नाही म्हणाला की हा रस्ता बंद. वीस सभासदांच्या कंपनीत एकोणीस पुरले असते. शिवाय ही संमती मीटिंगच्या आधी हातात यायला हवी, सर्वसाधारण सभांची पद्धत सांगणाऱ्या सेक्रेटरिअल स्टॅण्डर्ड 2 मध्ये तसं स्पष्ट आहे, आता मागाहून सह्या गोळा करून मागची तारीख टाकायची असं कुणी सुचवलं तर ते अजिबात करू नका, तो वेगळाच गुन्हा होईल. आणि ही संमती दिवस कमी पडले त्याला औषध आहे, नोटीसच न मिळालेल्याला नाही.

मग आता काय करायचं. माझं सांगणं असं की भावाशी 'मीटिंग कायदेशीरच होती' हा वाद घालू नका. भावाला तुमच्या सहीचं साधं पत्र द्या की नोटिशीत त्रुटी राहिली हे कंपनीच्या लक्षात आलंय आणि बोर्ड ते विषय पुन्हा सभेपुढे आणत आहे. मग बोर्डाची मीटिंग घ्या आणि ईजीएम, म्हणजे वर्षाच्या मधली जादा सर्वसाधारण सभा, बोलवा, त्यात डायरेक्टरची नेमणूक नव्याने मांडा, मागच्या एजीएममधले बाकीचे ठरावही पुन्हा ठेवा. ताळेबंद, ऑडिटर हे एजीएमचेच विषय, त्यामुळे मागची एजीएम कशी दाखवायची आणि रजिस्ट्रारकडे गेलेल्या फॉर्मचं काय करायचं हे तुमच्या कंपनी सेक्रेटरीबरोबर कागद समोर ठेवून ठरवा, ते पत्रातून सांगण्यासारखं नाही. पण डायरेक्टरचा विषय ईजीएमने सरळ सुटतो. बहुमत तुमच्या बाजूला असेल तर तो माणूस पुन्हा निवडून येईल, फरक एवढाच की भावाला तिथं येऊन बोलायची आणि विरोधात मत द्यायची संधी मिळालेली असेल. त्याचं खरं दुखणं तेच असावं असं मला पत्रावरून वाटतं. नव्या नेमणुकीपर्यंत त्या नव्या डायरेक्टरच्या एकट्याच्या सहीने बँकेचं किंवा जमिनीचं काही करू नका.

या ईजीएमच्या नोटिशीत काय करायचं ते नीट सांगते, कारण हीच पुढच्या प्रत्येक वर्षीची पद्धत होईल. चौदाही जणांना, ऑडिटरना आणि सगळ्या डायरेक्टरांना नोटीस जायला हवी, ऑडिटर हमखास राहतात. विषय का आणलाय त्याचं स्पष्टीकरण नोटिशीबरोबर जोडावं लागतं, नुसतं 'डायरेक्टर नेमणे' पुरत नाही. मेलचा विषय लिहिताना कंपनीचं नाव, कुठल्या प्रकारच्या मीटिंगची नोटीस, ठिकाण आणि तारीख हे चारही त्या ओळीतच हवं, 'महत्त्वाचे' किंवा 'नोटीस' एवढंच लिहून पाठवतात ते नियमात बसत नाही. फाइल पीडीएफ, वर्डची नाही, म्हणजे कुणी बदलली असा वाद नको. सगळ्यांना एकाच मेलमध्ये बीसीसीला टाकू नका, प्रत्येकाला वेगळा पाठवा, चौदाच तर आहेत. कारण नियमाला हवं असतं की एकूण किती जणांना गेला, कुणाकुणाला गेला, कुणाचा परत आला आणि परत आल्यावर पुन्हा कधी पाठवला, याचं रेकॉर्ड कंपनीकडे असावं. वेगवेगळे मेल असले की पाठवलेल्या फोल्डरमधून एकेकाची प्रिंट निघते. पाठवल्यावर त्याच संध्याकाळी आणि दुसऱ्या दिवशी सकाळी इनबॉक्स उघडून परत आलेले बघायचे, गुरुवारपर्यंत थांबायचं नाही. कंपनीची वेबसाइट असेल तर तिथंही नोटीस टाकायची.

पोस्टाने जाणाऱ्यांची एक यादी करा, नाव, रजिस्टरमधला पत्ता जसाच्या तसा, स्पीड पोस्टचा नंबर, टाकल्याची तारीख, आणि पावत्या त्याच कागदाला चिकटवा. रजिस्टर्ड पोस्ट ही वेगळी सेवा 2025 मध्ये स्पीड पोस्टात विलीन झालीय, त्यामुळे काउंटरवर गोंधळून जाऊ नका, कंपनी कायद्याच्या कलम 20 मध्ये साधं पोस्ट, रजिस्टर्ड, स्पीड पोस्ट, कुरिअर, हातोहात, सगळं चालतं असं आहे. साध्या पोस्टाने पण चालतं, पण टाकलं हे दाखवायला हातात काही राहत नाही, म्हणून मी कधी वापरत नाही. पावत्यांची शाई सहा महिन्यांत उडते, झेरॉक्स काढा. ऑनलाइन ट्रॅकिंगची माहितीही कायम दिसत नाही, पोचल्याचं दिसलं की त्याच आठवड्यात प्रिंट काढून फाइलला लावा. हातोहात दिली तर दुसऱ्या प्रतीवर सही आणि तारीख घ्या, काकूंनी दारात घेतली, आत ठेवते म्हणाल्या, यावर थांबू नका.

या भावाला मात्र बरोबर केलेल्या पत्त्यावर मेल, रजिस्टरच्या पत्त्यावर स्पीड पोस्ट, आणि जमलं तर माणूस पाठवून सही, तिन्ही करा. आत्यांना मिरजेला एक आणि पुण्याला एक. आणि लेकीकरवी आत्यांची सही घेऊन पत्ताबदलाचं पत्र मागवून रजिस्टरमध्ये तारखेसह नोंद करा. शेअर डिमॅटमध्ये असतील तर पत्ता कंपनीत नाही, त्यांच्या डिपॉझिटरी पार्टिसिपंटकडे बदलायचा, तोच पत्ता आणि तोच मेल कंपनीने वापरायचा असतो. एखाद्याला ठराविक पद्धतीनेच हवं असेल, म्हणजे समजा आत्या म्हणाल्या मला कुरिअरनेच पाठवा, तर ते मागायचा त्यांना हक्क आहे, त्याची फी एजीएममध्ये ठरवलेली असावी लागते.

राहिली एक गोष्ट जी तुम्ही बहुधा कधी केली नसेल. मेलने नोटीस पाठवायची तर दर आर्थिक वर्षात एकदा तरी सगळ्या सभासदांना मेल पत्ता नोंदवायची किंवा बदलायची संधी द्यावी लागते. एप्रिल-मेमध्ये एका पानाचा फॉर्म सगळ्यांना पाठवा, नाव, घरचा पत्ता, मेल, मोबाइल, सही. मेल पत्ता मोठ्या सुट्या अक्षरात चौकोनात लिहायला सांगा, म्हणजे एक्सेलमध्ये भरताना अक्षर राहणार नाही, आणि भरल्यावर त्या पत्त्यावर एक साधा मेल टाकून उत्तर मागवा. हे केलेलं असलं की पुढे कुणी म्हणाला माझा पत्ता बदलला होता, तर तुम्ही त्याच्यासमोर त्याच्याच सहीचा कागद ठेवू शकता. ईजीएमच्या नोटिशीबरोबरच हा फॉर्म पहिल्यांदा पाठवून टाका, आणि तारीख ठरवताना पोस्टाचे 24 दिवस धरा, मेलचे 22 नाही.